‘७ दिवस मोफत’ म्हणताय, मग आठव्या दिवसाचंही सांगा: सबस्क्रिप्शन ॲपच्या पोस्टमध्ये ट्रायल आणि कॅन्सलच्या अटी कशा लिहायच्या

नवीन सबस्क्रिप्शन ॲपची जाहिरात सुरू झाली की आठवडाभरात पोस्टखाली एक ठरलेली कमेंट येते: ‘ॲप डिलीट केलं होतं, तरी ९९९ कट झाले. फ्रॉड आहे.’ ॲपवाले म्हणतात, अटी लिहिल्या होत्या की! लिहिलेल्या असतातही. वेबसाइटच्या तळाशी असतात, इंग्रजीत असतात, आणि पोस्टमध्ये त्यांची खूण म्हणून चांदणी टाकून ‘अटी लागू’ एवढंच असतं. पैसे गेलेला माणूस ती चांदणी शोधत बसत नाही. तो एक स्टार देतो आणि दहा ग्रुपवर लिहितो.

हा लेख त्या चांदणीच्या जागी नेमकं काय लिहायचं, याबद्दल आहे. सगळं एकाच उदाहरणावरून बघू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

समजा तुमचं ॲप लहान मुलांना मराठी गोष्टी ऐकवतं. प्लॅन दोन आहेत: महिन्याला ₹१४९ किंवा वर्षाला ₹९९९. सात दिवसांची ट्रायल फक्त वार्षिक प्लॅनवर आहे. ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे आणि पैसे Play Store किंवा App Store मधूनच घेतले जातात. मार्केटिंगवाल्या मुलाने पहिला मसुदा असा आणला:

‘झोपण्याआधी मोबाईलचा स्क्रीन नको, आजीसारखी गोष्ट हवी! आजच डाउनलोड करा, ७ दिवस अगदी मोफत! नंतर फक्त ₹८३ महिना. कधीही कॅन्सल करा. *अटी लागू’

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. ९९९ भागिले १२ केलं तर साधारण ८३ येतात, आणि कॅन्सलही खरंच कधीही करता येतं. तरीही ही पोस्ट वाचून ट्रायल घेणाऱ्या बाईंना आठव्या दिवशी ८३ रुपये जातील असं वाटतं आणि जातात ९९९. भांडणाचं मूळ इथे आहे.

आधी स्वतः ट्रायल घ्या, मग लिहायला बसा

पोस्ट लिहिणाऱ्याने ॲपची ट्रायल ग्राहकासारखी घेतलेली नसते, असं फार ठिकाणी दिसतं. त्याला एक्सेल शीटमध्ये प्लॅन मिळतात आणि तो कॉपी लिहितो. म्हणून पहिली पायरी ही की, एक अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन घ्या, स्वतःच्या खात्यावरून ट्रायल सुरू करा आणि प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा.

डेव्हलपर म्हणेल, टेस्ट अकाउंट देतो, त्यात लगेच दिसेल. पण Play Console, म्हणजे Google च्या डेव्हलपर पॅनेलच्या, टेस्ट खात्यात वेळ आखडलेली असते. ट्रायल तीन मिनिटांत संपते आणि महिना पाच मिनिटांत. कोड तपासायला ते ठीक आहे. पण बँकेचा मेसेज, यूपीआयचा स्क्रीन आणि खरी तारीख त्यात दिसत नाही, आणि ग्राहक नेमका तिथेच बिचकतो. निदान एकदा खऱ्या खात्यावरून ट्रायल घ्या.

या फेरीत काही गोष्टी मुद्दाम टिपून ठेवा. ट्रायल सुरू करताना स्टोअरच्या स्क्रीनवर पैसे कापण्याची कोणती तारीख आणि किती रक्कम दिसते? यूपीआय ऑटोपे निवडलं तर पिन टाकण्याच्या स्क्रीनवर कोणता आकडा दिसतो? ऑटोपेच्या परवानगीत प्लॅनच्या किमतीऐवजी ‘जास्तीत जास्त इतके’ अशी वरची मर्यादा दिसू शकते, आणि ती किमतीपेक्षा मोठी असू शकते. खात्री करायला एखादा रुपया घेऊन परत देण्याचीही पद्धत आहे. ‘मोफत’ म्हणून आलेल्या माणसाला इथे पैशांचा आकडा दिसला की तो घाबरून मागे फिरतो, किंवा आत्ताच पैसे गेले असं समजून कमेंट करतो. स्क्रीनशॉट हाताशी असेल तर पोस्टमध्ये एक वाक्य आधीच टाकता येतं: ‘यूपीआयच्या स्क्रीनवर दिसणारी रक्कम ही परवानगीची मर्यादा आहे, आज ती कापली जात नाही.’ अर्थात, तुमच्या फोनवर खरंच तसं झालं असेल तरच.

मग ट्रायल लगेच कॅन्सल करा आणि बघा, ॲप चालू राहतं की त्याच क्षणी कुलूप लागतं? Play Store मध्ये ट्रायल कॅन्सल केली तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत वापरता येतं. आयफोनवर तुमच्या ॲपमध्ये काय होतं ते प्रत्यक्ष बघून घ्या. हे उत्तर पुढे पोस्टमधलं सर्वात कामाचं वाक्य होणार आहे.

चार प्रश्नांची उत्तरं, लिंकच्या आधी

आता मसुद्याकडे वळू. वाचकाने लिंकवर बोट ठेवण्याआधी त्याला चार गोष्टी कळल्या पाहिजेत: पैसे कधी कापले जाणार, एकदम किती, बंद कुठून करायचं, आणि बंद केल्यावर काय होणार. बाकीच्या अटी वेबसाइटवर असल्या तरी चालतील. या चार मात्र पोस्टमध्येच हव्यात.

आधी रकमेचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. नियम सोपा आहे. बँकेच्या मेसेजमध्ये जो आकडा येणार, तोच पोस्टमध्ये सर्वात मोठ्या अक्षरात लिहा. आपल्या उदाहरणात तो आकडा ₹९९९ आहे. ‘महिन्याला अंदाजे ₹८३ पडतात’ हे सांगायला हरकत नाही, पण ते ९९९ च्या नंतर आणि लहान अक्षरात. उलटं केलंत तर तुम्ही एक किंमत सांगून दुसरी घेतलीत, असंच लोक म्हणतील.

त्यातून ट्रायल कोणत्या प्लॅनवर आहे, हेही लिहा. आपल्या उदाहरणात मासिक प्लॅन घेतला तर पहिल्या दिवशीच ₹१४९ जातात. ‘७ दिवस मोफत’ वाचून आलेला आणि वार्षिक नको म्हणून मासिक निवडलेला माणूस इथे हमखास अडकतो. एका ओळीत हे मिटतं: ‘ट्रायल फक्त वार्षिक प्लॅनवर आहे, मासिक प्लॅनचे ₹१४९ लगेच कापले जातात.’

तुम्ही Play Store बाहेर, स्वतःच्या वेबसाइटवरून पैसे घेत असाल तर जीएसटी धरूनच किंमत सांगा. ‘₹९९९ + जीएसटी’ असं लिहून शेवटच्या स्क्रीनवर ₹१,१७९ दाखवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या, नियमावलीत ‘ड्रिप प्रायसिंग’ या नावाखाली सहज बसू शकतं. त्या नियमावलीत एकूण तेरा प्रकार दिले आहेत. सबस्क्रिप्शन ॲपवाल्यांनी त्यातले ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आणि ‘सास बिलिंग’ हे दोन तरी मुळातून वाचावेत. कॅन्सलची वाट लपवणं, ती मुद्दाम लांबवणं, त्याच्या सूचना गोंधळाच्या लिहिणं, हे सगळं पहिल्यात येतं. मोफत सबस्क्रिप्शनसाठी पैशांचा तपशील किंवा ऑटोडेबिटची परवानगी जबरदस्तीने घेणं हेही त्यात आहे. म्हणजे ट्रायलसाठी ऑटोपे लागत असेल तर ते दडवण्यासारखी गोष्ट मुळीच नाही. ‘ट्रायल सुरू करताना ऑटोपेची परवानगी द्यावी लागते’ असं पोस्टमध्येच सांगा.

‘मोफत’ या दाव्याबद्दलही एक नियम आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकाला खर्च करावा लागत असेल तर ती वस्तू किंवा सेवा मोफत म्हणता येत नाही. प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू हातात घेण्याचा अटळ खर्च तेवढा सोडून. म्हणून ‘मोफत ॲप’ असं लिहू नका, ‘पहिले ७ दिवस मोफत’ लिहा. एक रुपया घेऊन ट्रायल देत असाल तर ती मोफत नाही, ‘₹१ मध्ये ७ दिवस’ आहे. तसंच म्हणा.

दिवस मोजण्याचा घोळ

सात दिवस म्हणजे नेमके कुठपर्यंत, यावर लोकांचं एकमत होत नाही. कुणी सोमवारी रात्री आठला ट्रायल सुरू केली तर तिच्या दृष्टीने सोमवार हा पहिला दिवस आणि रविवार सातवा. मुदत मात्र घड्याळाने चालते, म्हणजे ती पुढच्या सोमवारी रात्री आठच्या सुमारास संपते. म्हणजे आपल्याला सोमवारचा दिवस हातात आहे, असं वाटू शकतं. पण Apple स्वतः सांगतं की ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी कॅन्सल करा. म्हणजे रविवारी रात्री आठच्या आत. सोमवारी सकाळी चहा पिता पिता आठवण झाली, तर उशीर झालेला असू शकतो.

म्हणून ‘७ दिवसांत कधीही कॅन्सल करा’ हे वाक्य आयफोनवाल्यांसाठी चुकीचं ठरतं. दोन्ही फोनवाल्यांना लागू पडेल अशी सुरक्षित सूचना द्यायची तर सहाव्या दिवसापर्यंतची द्या, आणि उदाहरणासकट: ‘सोमवारी ट्रायल सुरू केलीत, तर नको असल्यास शनिवारपर्यंत बंद करा.’ पोस्ट महिनोन्‌महिने फिरत राहते, त्यामुळे तारीख लिहून उपयोग नाही. वार मात्र जुना होत नाही.

याच ठिकाणी काही जण म्हणतात, ‘बँक आठवण करून देतेच की.’ हो, रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीच्या, नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. पण त्या सूचनेत तुमच्या ॲपचं नाव ठळक असेलच असं नाही. पैसे स्टोअरमार्फत घेतले जात असतील तर Google Play किंवा Apple एवढंच दिसू शकतं. शिवाय आयफोनवर २४ तास आधी कॅन्सल करायचं असतं, म्हणजे सूचना अगदी काठावर येते. तिच्यावर विसंबून पोस्ट लिहू नका. उलट वाचकाला ओळख पटावी म्हणून सांगा: ‘बँकेच्या मेसेजमध्ये Google Play किंवा Apple असं नाव येऊ शकतं.’ ‘हे कुठले पैसे गेले?’ म्हणून येणारे निम्मे फोन या ओळीनेच कमी व्हावेत.

आणि एक लहानशी पण चिवट गोष्ट. ट्रायल साधारण एका खात्याला एकदाच मिळते. मागच्या दिवाळीत ट्रायल घेऊन ॲप काढून टाकलेल्या माणसाने आज परत घेतलं तर पैसे लगेच जाऊ शकतात. ‘पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी’ हे दोन शब्द मोफतच्या शेजारीच हवेत.

‘कधीही कॅन्सल करा’ याऐवजी रस्ता सांगा

‘कधीही’ हा शब्द काळ सांगतो, जागा सांगत नाही. लोकांना जागाच ठाऊक नसते. बहुतेकांना वाटतं, ॲप फोनवरून काढलं की विषय संपला. नाही संपत. सबस्क्रिप्शन फोनवर नसतं, Google किंवा Apple च्या खात्यावर असतं. भाड्याचं घर सोडताना नुसतं कुलूप लावून निघून गेलं तर भाडं चालूच राहतं, तसं हे आहे. म्हणून हे वाक्य प्रत्येक पोस्टमध्ये, अगदी लहानात लहान पोस्टमध्येही असलंच पाहिजे: ‘ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही.’

आता रस्ता. बऱ्याच जणांचे फोन इंग्रजीत असतात, त्यामुळे स्क्रीनवर जसं दिसतं तसंच लिहा. ‘देयके व सदस्यता’ असं भाषांतर करून ठेवलंत तर माणूस ते शब्द शोधत राहील.

अँड्रॉइडवर Play Store उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या फोटोवर टॅप करायचं, मग `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions`, त्यात ॲपचं नाव आणि शेवटी `Cancel subscription`. आयफोनवर `Settings` मध्ये सर्वात वर स्वतःचं नाव, मग `Subscriptions`, त्यात ॲप आणि `Cancel Subscription`. याहून सोपी वाट म्हणजे थेट लिंक:

```
अँड्रॉइड: https://play.google.com/store/account/subscriptions
आयफोन:   https://apps.apple.com/account/subscriptions
```

या दोन्ही लिंक तुमच्या इन्स्टाग्रामच्या हायलाइटमध्ये ‘कॅन्सल कसं करायचं’ या नावाने कायम ठेवा. ‘ऑफर’, ‘रिव्ह्यू’ यांच्या शेजारीच. लपवलेलं काही नाही, हे तिथे न बोलता दिसतं.

रस्ता बरोबर असूनही काहींना यादीत ॲप सापडत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: फोनवर दोन-तीन जीमेल खाती असतात आणि ट्रायल एकावर घेतलेली असते, Play Store मात्र दुसऱ्यावर उघडलेलं असतं. लहान मुलांच्या ॲपमध्ये तर हे रोजचं. ट्रायल आईने बाबांच्या फोनवर घेतलेली असते आणि बंद करायला आजी आपल्या फोनवर शोधत असते. ‘ज्या खात्यावरून ट्रायल घेतली, तेच खातं उघडा’ ही ओळ रस्त्याखाली जोडा.

यूपीआय ॲपमधून ऑटोपे बंद करता येतं, तेही विचारलं जातं. तिथून परवानगी काढून घेतली तर पैसे जाणं थांबतं. पण स्टोअरच्या नजरेत सबस्क्रिप्शन चालूच असतं, फक्त पैसे आले नाहीत एवढंच. मग ‘पेमेंट अयशस्वी’ अशा सूचना येत राहतात आणि ग्राहक वैतागतो. म्हणून आधी स्टोअरमधून कॅन्सल आणि मनाचं समाधान म्हणून नंतर ऑटोपे, हा क्रम सांगा. तुम्ही वेबसाइटवरून थेट पैसे घेत असाल तर मात्र वरचा कुठलाच रस्ता चालत नाही. मग तुमच्या स्वतःच्या कॅन्सलच्या बटणाचा पत्ता द्या. ‘ईमेल करा, तीन दिवसांत बघू’ हा पत्ता नव्हे.

आता ते मघाचं कामाचं वाक्य. तुमच्या चाचणीत तसं दिसलं असेल तर लिहा: ‘आज ट्रायल सुरू करून आजच कॅन्सल केलीत, तरी सातही दिवस सगळ्या गोष्टी ऐकता येतात.’ मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये या ओळीवर चेहरे पडतात. सगळे लगेच कॅन्सल करतील ना! काही जण करतील, हे खरं. पण विसरले म्हणून पैसे भरणारे ग्राहक दुसऱ्या वर्षी राहत नाहीत. ते रिफंड मागतात आणि रिव्ह्यू लिहून जातात. ही ओळ वाचून ज्यांची भीड चेपते, ते एरवी ट्रायलच्या बटणापर्यंतही आले नसते. माझं मत विचाराल तर संपूर्ण पोस्टमधली ही एकच ओळ खरी जाहिरात आहे.

दुरुस्त केलेली पोस्ट

सगळं जमवून मसुदा असा होतो:

‘झोपण्याआधी मोबाईलचा स्क्रीन नको, आजीसारखी गोष्ट हवी!
पहिले ७ दिवस मोफत (पहिल्यांदाच घेणाऱ्यांना, वार्षिक प्लॅनवर). बंद केलं नाही, तर त्यानंतर वर्षाचे ₹९९९ एकदम कापले जातात आणि पुढे दरवर्षी.
ट्रायल सुरू करताना ऑटोपेची परवानगी लागते.
नको असेल तर सहाव्या दिवसापर्यंत Play Store किंवा आयफोनच्या Settings मधून बंद करा. नुसतं ॲप डिलीट करून बंद होत नाही. आज बंद केलंत तरी सातही दिवस ऐकता येतं.
मासिक प्लॅन ₹१४९, त्यावर ट्रायल नाही.
बंद करण्याची लिंक हायलाइटमध्ये. दर: जून २०२६.’

लांबी वाढली, हे कबूल. पण ‘आजच डाउनलोड करा’, ‘*अटी लागू’ हे गेलं, आणि त्यांनी तशीही जागाच अडवलेली होती.

‘दर: जून २०२६’ कशासाठी? पोस्ट फिरत राहते, किंमत बदलते. वर्षभराने कुणी जुना फोटो घेऊन ‘तुम्ही तर ९९९ म्हणाला होता’ असं म्हणालं, तर निदान बोलायला जागा राहते.

फोटो, रील, व्हॉट्सॲप

इन्स्टाग्रामवर कॅप्शन दोन ओळींनंतर दुमडतं. तुमच्या चार उत्तरांपैकी तीन ‘more’ च्या आत गेली, तर ती नसल्यासारखीच. म्हणून रक्कम आणि ‘डिलीट केल्याने बंद होत नाही’ या दोन गोष्टी फोटोवरच घ्या. वर उल्लेख केलेल्या २०२२ च्या सूचनांत अटींबद्दल दोन स्पष्ट अपेक्षा आहेत: खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा आणि अक्षरही दाव्याच्याच ठशाचं असावं. मराठीत ‘मोफत’ म्हणून खाली इंग्रजीत बारीक ओळी सोडणं यात बसत नाही. ते कुणी वाचतही नाही, ती गोष्ट वेगळी.

रीलमध्ये ‘सात दिवस मोफत’ हे आवाजात सांगितलं असेल, तर अटही त्याच वेळी आणि त्याच वेगाने पडद्यावर दिसली पाहिजे, असंही त्या सूचना म्हणतात. शेवटच्या अर्ध्या सेकंदात झरकन जाणारी पाटी चालणार नाही. माझा सल्ला आणखी सरळ आहे: बोलणाऱ्याच्याच तोंडी द्या. ‘सात दिवस मोफत ऐका. आवडलं नाही तर सहाव्या दिवसापर्यंत बंद करा, नाही तर वर्षाचे नऊशे नव्याण्णव कापले जातील.’ शांतपणे म्हटलं तरी सहा-सात सेकंद लागतात. इथे सोमवारचं उदाहरण नाही, तेव्हा ‘शनिवारपर्यंत’ म्हणू नका. ‘सहाव्या दिवसापर्यंत’ म्हणा किंवा सोमवारपासून सुरुवात करून सांगा. घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हीच चूक राहून जाते.

व्हॉट्सॲपवर फोटो एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे असा प्रवास होतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पोचतो, खालची ओळ गळून जाते. म्हणून फोटो एकटाच गेला तरी पुरा पडला पाहिजे.

दुसऱ्याकडून पोस्ट करून घेताना

पालकत्वावर रील करणाऱ्या ताईंना पैसे किंवा वर्षाचं सबस्क्रिप्शन भेट देऊन पोस्ट करून घेणार असाल, तर ती जाहिरात आहे आणि तसं तिथे लिहिलेलं हवं. मराठी पोस्ट असेल तर मराठीत, ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क भागीदारी’, आणि सुरुवातीलाच. वीस हॅशटॅगच्या गर्दीत नको. त्यांच्या कोडवर कमिशन असेल तरी हेच लागू.

पण लेबलापेक्षा मोठी अडचण वेगळी असते. त्या ताई स्वतःच्या शब्दांत सांगतात, ‘अगं, एकदम फ्री आहे, घेऊन बघ!’ आणि तुमची घासूनपुसून लिहिलेली चार उत्तरं वाऱ्यावर जातात. त्यांना स्क्रिप्ट देऊ नका, त्यांचा सूर जाईल. त्याऐवजी तीन वाक्यं द्या आणि ‘ही जशीच्या तशी बोला’ म्हणा: रक्कम, सहावा दिवस, डिलीट नव्हे कॅन्सल. आणि त्यांनी स्वतः ट्रायल घेऊन एकदा कॅन्सल करून बघितली का, हेही विचारा. दिशाभूल ठरली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच घडलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो जाहिरात करून घेणाऱ्यालाही होतो आणि त्यात बोलणाऱ्यालाही. हे त्यांना आधी सांगणं तुमच्याकडे येतं.

पोस्ट टाकण्याआधी आणि नंतर

पोस्ट तयार झाली की ॲपशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा. घरातली मावशी, खालचे काका, कुणीही. मिनिटभर वाचू द्या, फोन परत घ्या आणि विचारा: ‘पैसे कधी जाणार? किती? बंद कसं करणार?’ ‘८३’ असं उत्तर आलं किंवा ‘डिलीट करेन’ म्हणाले, तर पोस्ट परत टेबलावर. समजावून सांगत बसू नका, ओळ बदला.

पोस्ट गेल्यावर आठव्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस कमेंट आणि स्टोअरमधले रिव्ह्यू नजरेखाली ठेवा. ‘कट झाले’, ‘न विचारता’, ‘डिलीट केलं तरी’ हे शब्द ज्या पोस्टनंतर वाढतात, दोष त्या पोस्टमध्ये शोधा.

अशा कमेंटला ‘कृपया आमच्या सपोर्टशी संपर्क साधा’ हे उत्तर देऊ नका. वाचणाऱ्या बाकी पन्नास जणांना त्यातून काहीच कळत नाही. तिथल्या तिथे लिहा: ‘ताई, त्रास झाला, क्षमस्व. पैसे कधी कापले गेले आणि फोन अँड्रॉइड आहे की आयफोन, एवढं सांगा. अँड्रॉइड असेल तर ४८ तासांच्या आत Google कडे रिफंडची विनंती करता येते, आणि त्यानंतर आम्हीही आमच्या बाजूने बघू शकतो. आयफोन असेल तर रिफंड Apple देतं, reportaproblem.apple.com वर अर्ज करा. आम्ही तिथून तुमचं सबस्क्रिप्शन बंद करू शकत नाही, पण पायऱ्या सांगू शकतो.’ हे शेवटचं वाक्य ॲपवाल्यांना लिहायला अवघड जातं, पण Apple च्या बाबतीत ते खरं आहे. Play Console मधून मात्र तुम्ही स्वतः ऑर्डरचा रिफंड देऊ शकता. तेव्हा अँड्रॉइडवाल्या ग्राहकाला ‘Google शी बोला’ म्हणून टोलवू नका.

कमेंटमध्ये कुणाचा मोबाईल नंबर मागू नका. अशा कमेंटखाली ‘कस्टमर केअर’ म्हणून भामटे टपलेलेच असतात. नंबर दिसला की फोन करून ओटीपी विचारतात. डीएम उघडा, आणि ‘आम्ही कधीही ओटीपी किंवा पिन मागत नाही’ हे वर पिन करून ठेवा. समाधान झालं नाही तर ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच. तो तुमच्या वेबसाइटवर तुम्हीच दिलात, तर तक्रार आधी तुमच्याकडे यायची शक्यता वाढते.